बाईचं 'हो जी'

बाईनं 'हो जी' म्हटलं. कलेक्टर ऑफिसातला मोठा हॉल, लांबलचक टेबल, वर पंखा गरगर फिरून राहिला, आन मले वाटे का हवाच नाई ह्या खोलीत. कडेवरचं लेकरू माह्या मंगळसूत्राले लोंबकळून राहिलं, मी त्याची मूठ सोडवू का तिकडं काय चालू हाये ते आयकू. माहे मोठेबाबा, म्हणजे माह्या बापाचे मोठे भाऊ, टेबलापाशी उभे, पांढरा सदरा घालून, केसाले तेल लावून, आन त्यायनं माह्या बहिणीले इचारलं होतं, सगळ्या साहेब लोकायच्या समोर, गोड आवाजात इचारलं होतं, "सांग बेटा, तुले समजते ना सगळं? तू शहाणी हायेस ना?"

"हो जी."

"माह्या घरी राहाशील ना?"

"हो जी."

"पालक-बिलक पाह्यजे का तुले कोणी? तुह्यं तुले कळते ना?"

"हो जी."

मोठेबाबा साहेबाकडं वळले आन हात जोडले. "पाहा साहेब. पोरगी स्वतः बोलून राहिली. मी कायले काही बोलू?"

माही बाई खुर्चीवर बसून हसत होती. आमच्याकडं मोठ्या बहिणीले बाई म्हणतात, ती माह्याहून मोठी हाये, तिच्या केसात एखाददुसरा पांढरा केस आला, पण तिची अक्कल पाचसहा वर्षाच्या लेकरावाणी हाये. ती हसत होती कारण सगळे तिच्याकडं पाहत होते, आन तिले वाटलं का आपण बरोबर उत्तर देऊन राहिलो. आन मी पाहिलं, तिनं हळूच उजव्या पायातली चप्पल काढली, उचलली, आन आपल्या मांडीखाली दाबून त्याच्यावर बसली.

ते फक्त मीच पाहिलं.

मी त्या हॉलात कशी पोहोचली हे सांगते, नाई त समजणार नाई.

माही माय कोणाचं आयकणारी बाई नोहती. बाप लवकर गेला, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढं आमचं गाव, तिथं तिनं लोकाच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणे करून दोन पोरी वाढवल्या. बाई जन्मली तवा उशिरा रडली म्हणे. चालली उशिरा, बोलली उशिरा, शाळेत गुरुजीनं तिले मागं बसवलं आन मंग घरी पाठवलं. गावात पोट्टे तिले येडी म्हणत, तर माय हातात जे असन ते घेऊन त्यायच्या मागं धावे. तिनं ठरवलं होतं, माही पोरगी लोकायच्या समोर येडी दिसली नाई पाह्यजे. म्हणून मायनं तिले शिकवलं. वेणी घालायले शिकवलं, पदर सांभाळायले शिकवलं, कोणी आलं का 'जयभीम जी' म्हणायचं, पाणी द्यायचं, आन मोठ्या माणसानं काही इचारलं तर 'हो जी' म्हणायचं. वाद नाई घालायचा, तोंड वाकडं नाई करायचं, 'हो जी'. लय मेहनतीनं शिकवलं. बाई चुकली का माय पुन्हा पहिल्यापासून घेई. विहारात बुद्धपौर्णिमेले लोकं म्हणत, "अवो, तुमची मोठी त चांगली बोलते." आन मायच्या चेहऱ्यावर असा उजेड पडे का बास.

'नाई जी' मायनं शिकवलंच नाई. कायले शिकवन? गरीबाच्या पोरीले 'नाई' म्हणायची संधी कुठं भेटते.

पण बाईले नाई म्हणता येत नोहतं असं नोहतं. तिची एक रीत होती. जिथं जायचं नाई, जे करायचं नाई, तिथं ती तोंडानं 'हो जी' म्हणे आन एक चप्पल काढून तिच्यावर बसून जाई. एका चपलेनं कोणी जाते का कुठं? मायले माहीत होतं, मले माहीत होतं. लहानपणी दवाखान्यात सुई टोचायले न्यायचं असलं का माय पहिले घरभर चप्पल शोधे, आन मंग बाईले म्हणे, "उठ वो राणी, उठ, बूड उचल." आम्ही हसून हसून मरू.

माय गेली तवा माहं लेकरू पोटात होतं. माह्या नवऱ्याचं काम वरठीच्या कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली, तिथंच एका खोलीत आम्ही राहत होतो, तर मी बाईले घेऊन आली. नवरा चांगला माणूस हाये, तो काही बोलला नाई, फक्त म्हणला, "खाट एक घ्या लागन." बाई आली आन लेकरू झाल्यावर तिनं ते असं सांभाळलं का मी सांगू शकत नाई. लेकरू रडलं का तिचे दोनी हात आपोआप पुढं येत.

आता मोठेबाबाचं. आजोबाची जमीन हाये, तळ्याखालची धानाची, ती कधी वाटलीच नाई. सातबाऱ्यावर मोठेबाबा, आन बापाच्या जागी आम्ही दोघी बहिणी, सामाईक. मोठेबाबाच्या मनात होतं का ते सगळं एक व्हावं. माह्याकडून त्यायले अंगठा भेटत नोहता, तर त्यायनं सोप्याकडून धरलं. मी दिवाळीले गावी गेली होती, बाळ आजारी पडलं, मी त्याच्या मागं, आन मोठेबाबा बाईले म्हणले, "चाल बेटा, भंडाऱ्याले भजे खाऊन येऊ." बाईनं 'हो जी' म्हटलं. सांजच्याले आली तर ब्लाउजवर तेलाचे डाग, आन तिनं मले आपला अंगठा दाखवला. अंगठ्यावर शाईबिई काही नोहती. ती म्हणे, "मशीन. मशीन बंद."

मी इचारलं, कोणती मशीन? ती म्हणे, "साहेबानं इचारलं, राजीखुशी? मी म्हटलं हो जी."

तवा मले समजलं. ते तिले दस्त नोंदणीच्या ऑफिसात घेऊन गेले होते, हक्कसोड करायले. आपला हिस्सा आपण सोडला म्हणून लिहून द्यायले. सर्वर डाऊन होतं म्हणून अंगठा लागला नाई. बाकी सगळं तयार होतं. माह्या बहिणीची जमीन त्या दिवशी फक्त सर्वरनं वाचवली, माणसानं नाई.

मी मोठेबाबाच्या अंगणात गेली आन बोलली, जे तोंडात आलं ते. ते बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणले, "तुह्यं लग्न झालं, तू आता परक्या घरची. तुले काहून एवढं झोंबून राहिलं? ती पोरगी माह्या भावाची हाये, मी तिले मरेपर्यंत पोसतो. तुह्या नवऱ्याचा काय भरवसा, उद्या ठेका संपला का तुम्हालेच खायले नाई."

मी म्हटलं, "पोसता त जमीन कायले पाह्यजे?"

ते म्हणले, "पोसायलेच त पाह्यजे."

असं उत्तर दिलं का माणसाले थोबाडीत मारल्यावाणी होते आन वरतून ते बरोबर बी वाटते. मी बाईले घेऊन रडतच वरठीले आली.

तिथं एका शाळेचं मले कोणी सांगतलं, मतिमंद मुलायची शाळा, आन तिथल्या म्याडमनं मले समोर बसवलं, पाणी दिलं, आन सांगतलं का एक कायदा हाये. असे जे मोठे होतात पण ज्यायले स्वतःचं सगळं सांभाळता येत नाई, त्यायच्यासाठी पालक नेमता येतो. अठरा वर्ष झाले का आईबाप सुद्धा आपोआप पालक राहत नाई, हे मले तवा कळलं. मायले त हे माहीतच नोहतं बिचारीले. जिल्ह्यात एक समिती असते, कलेक्टर साहेब तिचे अध्यक्ष, एक संस्थेचा माणूस, एक अपंग सदस्य. तिथं अर्ज करायचा. भाऊबहीण करू शकते. कोर्टात जा लागत नाई.

म्याडम म्हणल्या, "पण एक लक्षात ठेव. पालक झालीस म्हणजे तिची मालकीण झालीस असं नाही. कशासाठी पालक पाहिजे ते समिती ठरवते. तिला जे जमतं ते तिनेच करायचं. तिच्या नावावर काय काय आहे त्याची यादी तुला सहा महिन्यांच्या आत द्यावी लागेल, आणि मग दरवर्षी हिशेब. गडबड केली, तिला नीट ठेवलं नाही, तर कोणीही तक्रार करू शकतं आणि समिती तुला काढू शकते."

मी म्हटलं, "मले काढा, माह्यावर केस करा, काही करा. पण तिचा अंगठा वाचवा."

अर्जासंग मेडिकल पाह्यजे होतं. बाईचं कोणतंच सर्टिफिकेट नोहतं, कारण मायनं कधी काढूच दिलं नाई. "कागदावर लिहून घेऊ का माह्या पोरीले येडी म्हणून?" असं म्हणे. तर मी बाईले जिल्हा दवाखान्यात घेऊन गेली. जिथं तिथं लाइन. बाईची नवी साडी, वेणी, पावडर. मीच सजवलं होतं. दवाखान्यात चालली त नीट दिसली पाह्यजे ना, मायची सवय.

तिथं एक तरुण पोरगी होती, मानसशास्त्रज्ञ म्हणे तिले. तिनं बाईले ठोकळे दिले, चित्रं दाखवले, काही इचारलं. बाईनं 'जयभीम जी' म्हटलं, नाव सांगतलं, गाव सांगतलं. मंग तिनं बाईले बाजूले बसवलं आन मले प्रश्न इचारायले लागली. अर्धी परीक्षा त माहीच होती, हे मले कोणी सांगतलं नोहतं. घरच्या माणसाले इचारतात का पेशंट रोज काय काय करते, आन त्याच्यावरून ठरवतात.

"एकटी आंघोळ करते का?"

बाई बाजूलेच बसून होती. आयकत होती. तिच्या हातात माहं लेकरू होतं.

"करते," मी म्हटलं. मी पाणी काढून द्या लागते, साबण हातात द्या लागते, मांगून पाठ घासा लागते. पण करते.

"दुकानात जाऊन सामान आणते?"

"आणते." दुकानदार आमच्या खोलीच्या खालीच हाये, आन त्याले मी वरतून ओरडून सांगते काय द्यायचं ते. पण आणते ना.

"पैशांचा व्यवहार कळतो?"

"कळते थोडाफार."

"एकटी कुठे जाऊ-येऊ शकते?"

मी बाईकडं पाहिलं. ती माह्याकडं पाहून हसली. तिले वाटलं का तिचीच तारीफ चालू हाये. आन खरंच चालू होती. मले असं वाटलं का माय मांगं उभी हाये. मी म्हटलं, "जाते जी, जवळपास जाते."

एकेक प्रश्नाले 'येते, जमते, करते'. मायनं आयुष्यभर जे केलं तेच मी त्या खुर्चीवर बसून केलं. कोणाच्या समोर माह्या बाईले कमी दाखवायचं नाई. त्या पोरीनं लिहून घेतलं. बोर्डाच्या डॉक्टरनं सही केली. कागदावर आलं, बौद्धिक अक्षमता, सौम्य.

सौम्य. मले त चांगलं वाटलं. माह्या नववीच्या शिक्षणाले ते देवानं दिल्यावाणी वाटलं, का चला, जास्त नाई, सौम्य हाये. मी म्याडमले कागद दिला त त्यायनं तो दोनदा वाचला. मंग म्हणल्या, "तू काय काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगतलं.

त्यायनं डोक्याले हात लावला. "अगं, तुला कोणी परीक्षेत पास व्हायला सांगितलं होतं?"

तरी अर्ज टाकला. फोटो, आधार, राहण्याचा दाखला, नवऱ्याची संमती. समितीनं नातेवाईकाले नोटीस पाठवली, तसं करा लागते, कोणाची हरकत असन त सांगा म्हणून. आन मोठेबाबानं हरकत घेतली. त्यायनं असं नाई म्हटलं का मले पालक करा. लय हुशार. त्यायनं लिहून दिलं, का माही पुतणी शहाणी हाये, डॉक्टरचंच सर्टिफिकेट सौम्य म्हणते, ती सैपाक करते, बोलते, तिले पालकाची गरज नाई, ही धाकटी तिचे हक्क हिसकून राहिली.

समजलं का? जिंदगीभर ज्या माणसानं तिले आपल्या दारात येडी म्हटलं, तो आता कलेक्टर साहेबासमोर म्हणत होता का ती शहाणी हाये. आन मी, जिले मायनं सांगतलं होतं का कोणाले येडी म्हणू द्यायचं नाई, मी म्हणत होती का नाई साहेब, तिले समजत नाई. शहाणी म्हटलं का तिचा अंगठा मोकळा. मंग सर्वर किती दिवस डाऊन राहीन?

तर आता त्या हॉलात पुन्हा या.

साहेब तसे वाईट नोहते. तरुण होते, चष्म्यावाले. कागद पाहून म्हणले, "प्रमाणपत्रात सौम्य आहे. बाई बोलतायत, उत्तरं देतायत. कायदा सांगतो की गरज असेल तेवढंच. गरज नसताना एखाद्याचा निर्णयाचा अधिकार आपण काढून घेऊ शकत नाही."

बरोबर हाये ना. तेच त वाईट हाये का ते बरोबर हाये. माह्या जागी कोणी दुसरी असती त मीच म्हटलं असतं का हो, पाहा, उगाच कोणाले पालक लावू नका.

मी म्हटलं, "साहेब, ती नाई म्हणून राहिली."

"कोण?"

"माही बाई. ती मोठेबाबाच्या घरी नाई जायचं म्हणून राहिली."

"त्या तर हो म्हणाल्या."

"तोंडानं म्हणली. पण चप्पल पाहा ना जी. तिनं चप्पल मांडीखाली घेतली. तिले जायचं नसलं का ती असंच करते."

सगळे खाली वाकून पाहू लागले. बाईनं लाजून साडी वढली. बाजूले लिहून घेणारा क्लार्क होता, तो पेन थांबवून मले म्हणला, "म्याडम, हे मी लिहू काय? चपलेनं हरकत घेतली म्हणून?"

दोघं-तिघं हसले. मोठेबाबा त मोठ्यानं हसले. "साहेब, लहानपणापासून असंच चालू हाये. चप्पल चावते तिले, म्हणून काढते."

"चावत नाई," मी म्हटलं. "मीच घेऊन दिली, रबरी हाये."

"मंग तुले चावत असन," मोठेबाबा म्हणले, आन पुन्हा हसले.

शाळेच्या म्याडम माह्यासंग आल्या होत्या, त्या बोलल्या, का साहेब, असे लोक समोरच्याला खूश करायला प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात, त्याचा विचार व्हावा. साहेब म्हणले, विचार करू, पण रेकॉर्डवर काय आहे? रेकॉर्डवर सौम्य हाये. रेकॉर्डवर हो जी हाये. आन साहेबानं घड्याळाकडं पाहिलं, मी पाहिलं ते, आन मले कळलं का आता फाइल बंद होणार. बाहेर लोकं बसून होते अजून. मोठेबाबानं बाईच्या खांद्यावर हात ठेवला, "चाल बेटा," म्हणून. तिनं वर पाहून 'हो जी' म्हटलं आन मांडीखालची चप्पल आणखी घट्ट दाबली.

माह्या डोस्क्यात जाळ झाला. मी खरं सांगते, तवा मले मोठेबाबाचा राग नोहता. मले मायचा राग आला. मले त्या क्लार्कचा, त्या हसणाऱ्याचा, साहेबाच्या चांगुलपणाचा, कागदाचा, माह्या 'येते-जमते'चा राग आला. माह्या बाईनं नाई म्हटलं होतं. आपल्या रीतीनं स्पष्ट नाई म्हटलं होतं. आन ते लिहायले कोणापाशी जागाच नोहती.

मी बाईच्या समोर गेली. म्हटलं, "बाई, इकडं पाह्य माह्याकडं. तू कलेक्टर हायेस का?"

"हो जी."

कोणीतरी हसलं.

"हे साहेब तुहे पोरगं हाये का?"

"हो जी." बाई आता जास्त हसू लागली, कारण लोकं हसून राहिले होते. तिले वाटलं का तिनं लय भारी उत्तर दिलं.

"मोठेबाबाचा बैल तुहा नवरा हाये का?"

"हो जी."

हॉलभर हसू. चपराशी सुद्धा दारातून. मोठेबाबाचं हसू मात्र अर्ध्यावर राहिलं, कारण त्यायले कळलं मी काय करून राहिली ते. म्याडम मले म्हणल्या, "पुरे." पण मी थांबली नाई. मी कडेवरचं लेकरू समोर धरलं, त्या लेकराले, ज्याच्यासाठी ती रातीतून उठते.

"बाई, ह्याले गावच्या तळ्यात टाकून देऊ का?"

"हो जी," ती म्हणली, हसतच, आन दोनी हात पुढं केले त्याले घ्यायले.

मंग कोणी हसलं नाई.

टेबलाच्या शेवटी एक सदस्य बसले होते, कुबड्या बाजूले ठेवून. ते म्हणले, "साहेब, आता आपण तिला आणखी काही विचारू नये." साहेबानं चष्मा काढला. मंग त्यायनं सांगतलं का पुन्हा तपासणी करून घ्या, सिव्हिल सर्जनला पत्र देतो, आन शाळेच्या ह्या म्याडमनं घरी जाऊन पाहणी करावी, तोपर्यंत ह्या बाईंकडून कोणत्याही कागदावर अंगठा घेऊ नये असं तहसीलला आन नोंदणीच्या ऑफिसाला कळवा. मोठेबाबा काही म्हणायले गेले त साहेब म्हणले, "काका, बसा."

पुन्हा तपासणी झाली. तीच पोरगी, तेच प्रश्न. बाई बाजूले. ह्या वेळी मी म्हटलं का नाई, नाई, नाई जमत, मी करून देते, तिले नाई कळत. त्या पोरीनं मले इचारलं, "मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं?" मी म्हटलं, "मागच्या खेपेले मी लाजली होती." तिनं बाईले अजून वेळ घेऊन तपासलं, आन ह्या खेपेले कागदावर 'मध्यम' आलं. म्याडम आमच्या खोलीवर आल्या, खाट पाहिली, बाईचे कपडे पाहिले, शेजारणीले इचारलं, बाईनं त्यायले पाणी दिलं आन जयभीम केला.

मले पालक नेमलं. सगळ्यासाठी नाई, जमिनीसाठी, कागदासाठी, दवाखान्यासाठी. काय घालायचं, काय खायचं, कोणाकडं जायचं ते बाईचं बाईनं ठरवायचं, असं लिहून दिलं. मी तिच्या नावाच्या जमिनीची यादी दिली. मोठेबाबा अजूनही रस्त्यात भेटले का म्हणतात, "काय वो सरकारी माय." जमीन अजून सामाईकच हाये, धान ते लावतात, बाईचा हिस्सा घरी येते, मी तो लिहून ठेवते. इथपर्यंत सगळं जिंकलं असं लोकं म्हणतात. शाळेच्या म्याडम दुसऱ्या मायबहिणीले माही गोष्ट सांगतात.

पण एक गोष्ट त्यायले मी सांगतली नाई.

मार्च संपल्यावर वर्षाचा हिशेब द्यायले जायचं होतं. हिशेब द्यायले बाईले न्याच लागते असं नाई, पण मले वाटलं, तिचा हिशेब हाये, तिनं संग असावं. मी लेकराले कपडे घातले, पिशवी घेतली, दारात उभी राहिली आन म्हटलं, "बाई, चाल, भंडाऱ्याले जाऊन येऊ. कलेक्टर ऑफिसात. येतेस ना?"

"हो जी," ती म्हणली.

मले 'जी' म्हणली. माह्या लग्नात, मायच्या मरणात, कधीच तिनं मले 'जी' म्हटलं नोहतं. मी तिची लहानी बहीण हाये, मले ती 'वो' म्हणते, 'चाल वो', 'मर वो' म्हणते. मी दारातून वळून पाहिलं. ती खाटेवर बसून होती, नीट, हात मांडीवर ठेवून, मायनं शिकवल्यावाणी. हसत होती. खाली एकच चप्पल होती.

मी तिले उठ म्हटलं नाई. बूड उचल म्हटलं नाई. मी एकटीच गेली, लेकरू सुद्धा तिच्यापाशी ठेवून गेली, आन आख्ख्या ऑटोत माहं तोंड पेटून होतं. लोकायसमोर तिले हसं केलं म्हणून तिचा अंगठा वाचला. नसतं केलं त आज ती मोठेबाबाच्या गोठ्यात शेण काढत असती, आन प्रत्येक शब्दाले हो जी म्हणत असती. हे मले समजते. मले रोज समजते. तिले समजत नाई, आन सांगू कसं? सांगतलं त ती 'हो जी' म्हणन.

तुम्ही शिकलेले लोकं हाव. तुम्ही त्या हॉलात असते, तुमची बहीण खुर्चीवर बसून असती, चप्पल मांडीखाली, फाइल बंद होऊन राहिली असती, त तुम्ही काय केलं असतं?